हिरडीखाली वाढणारी सशाची दाढ

सशाचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात, दाढा त्याहून हळू. काटेकोर अर्थाने त्यांना मूळ नसतेच; आपण ज्याला मूळ म्हणतो ते दाताचे हाडात दडलेले, अजून तयार होत असलेले टोक असते. गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पेलेट आणि गाजरावर वाढलेल्या सशाला इतके दळावेच लागत नाही. दाढा लांबतात, वरच्या-खालच्या एकमेकींना टेकतात आणि वर जागा नसल्याने खालचे टोक हाडात घुसू लागते.

समजा, चार वर्षांच्या एका सशाचा डावा डोळा सतत पाणावतो. डोळ्यात थेंब घातले की चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. अश्रुनलिका वरच्या दातांच्या टोकांजवळून जाते. वाढलेले टोक तिला दाबते, म्हणून पाणी गालावर ओघळते. पुढे ससा गवताची काडी उचलतो आणि टाकून देतो, लेंड्या बारीक होतात. काही महिन्यांनी डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागते. खालच्या दाढेच्या टोकाशी जंतुसंसर्ग होऊन तिथे गळू झालेले असते.

हे गळू माणसाच्या गळवासारखे फोडून निचरत नाही. सशाचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, त्याभोवती जाड पिशवी असते आणि प्रतिजैविके आत नीट पोचत नाहीत. नुसते चिरले तर ते बहुधा पुन्हा भरते. पिशवी, दूषित दाढ आणि सडलेले हाड काढावे लागते. पेनिसिलीन गटातली औषधे तोंडाने दिली तर आतड्यातले उपयुक्त जंतू बिघडून ससा दगावू शकतो, म्हणून घरातले उरलेले औषध कधीही देऊ नये.

पण कोणती दाढ काढायची? सशाचे तोंड अरुंद. कानात पाहण्याच्या दुर्बिणीतून दिसतो तो फक्त हिरडीवरचा भाग. जिभेला टोचणारे टोक दिसते, रोगाचे मूळ नाही. म्हणून भूल किंवा गुंगी देऊन कवटीचे एक्स-रे काढतात. बाजूच्या चित्रात निरोगी दाढांची जुळणी नागमोडी दिसते आणि खालच्या जबड्याची कड गुळगुळीत असते. ती कड फुगलेली, पातळ किंवा तुटलेली दिसली की टोक हाडाबाहेर निघू पाहते आहे हे कळते. मात्र या चित्रात डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर येतात, त्यामुळे डावे-उजवे निवडायला दोन तिरपी चित्रे आणि समोरून-वरूनही घ्यावी लागतात. गळवाचा पसारा मोठा असेल तर सीटी स्कॅन अधिक नेमके दाखवते.

आपल्या सशाच्या तिरप्या चित्रात डाव्या बाजूच्या एकाच दाढेच्या टोकाभोवती हाड विरघळून काळा पोकळ डाग दिसला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो. दोन्हीकडच्या बहुतेक दाढा वाकलेल्या निघाल्या, तर दर काही आठवड्यांनी भूल देऊन टोके घासत राहणे आणि वेदना कमी ठेवणे एवढेच हाती उरते.