प्लास्टर घातल्यानंतरची पहिली रात्र

नडगीचं हाड मोडलं की घरच्यांचं सगळं लक्ष क्ष-किरणाच्या फिल्मकडे लागतं. हाड सरळ बसलं का, रॉड घालावा लागेल का, किती महिने लागतील, हेच प्रश्न असतात. पण पहिल्या दीड-दोन दिवसांत पाय गमावण्याची खरी भीती हाडाला नसते, ती असते हाडाभोवतीच्या स्नायूंना. आणि ते स्नायू फिल्मवर दिसत नाहीत.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती एक चिवट पांढरं आवरण असतं आणि ते जवळजवळ ताणतच नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायूला सूज येते. सुजेला बाहेर पसरायला जागा नसल्यामुळे कप्प्यातला दाब वाढत जातो. त्यावर गच्च प्लास्टर असेल तर उरलीसुरली जागाही संपते. एरवी या कप्प्यांतला दाब १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो ३०-४०च्या घरात गेला की स्नायूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठ्या धमनीतला दाब मात्र १२०पर्यंत असतो, त्यामुळे ती वाहत राहते. पावलावरची नाडी व्यवस्थित लागते, बोटं गुलाबी आणि गरम असतात, आणि आत स्नायू गुदमरत असतो. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ‘नाडी लागतेय ना, मग काळजी नाही’ या एका वाक्याने फार नुकसान केलं आहे.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. बावीस वर्षांचा मुलगा दुपारी चारला पावसात बाइकवरून घसरतो. नडगी मोडते, कातडी फाटलेली नसते. सहा वाजता प्लास्टर होतं. रात्री नऊला तो जेवतो, दुखतं पण सोसवतं. अकराच्या सुमारास तो गोळी मागतो, आई देते. साडेबाराला पुन्हा मागतो. पाय कसाही ठेवला तरी चैन पडत नाही. प्लास्टर आवळल्यासारखं वाटतं, पोटरीच्या पुढच्या बाजूला आतून फाटल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, हाड मोडलंय, दुखणारच. इथेच थांबून विचार करायला हवा. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये स्थिर झालं की त्याची कळ हळूहळू उतरायला लागते. इथे ती चढते आहे, आणि गोळीलाही दाद देत नाही. कंपार्टमेंट सिंड्रोमची सगळ्यांत आधीची खूण हीच. लहान मुलाला दुखणं नीट सांगता येत नाही. ते चिडचिड करतं, घाबरंघुबरं होतं, कुशीत घेतलं तरी शांत होत नाही आणि औषध सारखं लागतं.

आता आईने काय पाहावं? पायाच्या अंगठ्याला चिमटीत धरून अगदी हलकेच खाली, तळव्याकडे वाकवावं. अंगठा वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढच्या कप्प्यात असतो, अंगठा खाली नेला की तो ताणला जातो. थोडी कुरकुर कुठल्याही मोडलेल्या पायात होईल. पण एवढ्याशा हालचालीने मुलगा किंचाळला आणि कळ बोटात न येता वर नडगीच्या मांसात आली, तर ते गंभीर आहे. बोटं वर, नडगीकडे नेल्यावर पोटरीत तशीच कळ आली, तर मागच्या कप्प्यावर संशय घ्यावा. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बोटाने स्पर्श करून विचारावं, दोन्ही पायांना सारखंच लागतंय का? पुढच्या कप्प्यातून जाणारी मज्जातंतूची शिर नेमकी या बेचक्याला संवेदना देते. तिथे मुंग्या येत असतील किंवा बोथट लागत असेल, तर शिरेलाही रक्त कमी पडू लागलं आहे. त्यानंतर त्याला स्वतःहून बोटं वर-खाली करायला सांगावं. पाय बधीर करून हाड बसवलं असेल, तर त्या औषधाचा अंमल उतरेपर्यंत या खुणा झाकल्या जाऊ शकतात. किती वेळ, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं बरं.

रंग आणि ऊब पाहायचीच. नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावं. त्यासाठी नेलपॉलिश पुसलेलं हवं, आणि सूज चढायच्या आत जोडवी काढलेली हवीत. बोटं पांढरी किंवा निळसर, गार पडली तर उशीर करू नये. पण ती तशी पडण्याची वाट पाहणं म्हणजे हातातली वेळ घालवणं. हे सगळं पहिल्या दिवशी दर तासाला, रात्रीसुद्धा, तपासून वहीत वेळेसकट लिहावं. झोपलेल्याला उठवायला जिवावर येतं, तरी उठवावं.

एरवी सूज उतरावी म्हणून पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवतात आणि ते बरोबरच आहे. संशय आला की मात्र पाय छातीच्या पातळीवर आणावा. आणखी उंच केला तर आधीच अपुरं असलेलं रक्त वर चढायला आणखी कमी पडतं. तिसरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. मागे स्लॅब आणि वरून क्रेप बँडेज असेल आणि दवाखाना लांब असेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून बँडेज आणि आतला कापूस पूर्ण लांबीत मोकळा करता येतो. पक्कं प्लास्टर घरी कापायच्या फंदात पडू नये.

दवाखान्यात पहिलं काम म्हणजे प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरून फाकवणं. कापूसही कातडीपर्यंत कापायचा, कारण रक्ताने भिजून वाळलेला कापूस स्वतःच आवळतो. तरीही कळ हटली नाही तर काही ठिकाणी सुईने दाब मोजतात. समजा, रक्तदाबाचा खालचा आकडा ७० आणि कप्प्यातला दाब ४५ आहे. फरक उरला २५. हा फरक ३०च्या खाली टिकून राहिला आणि खुणाही जुळत असल्या, तर आवरण चिरून चारही कप्पे मोकळे करावे लागतात. लांब चिरा दिसायला भयंकर असतात. त्या काही दिवस उघड्या ठेवतात, कधी वर कातडी लावावी लागते. पण सहा ते आठ तास रक्त न मिळालेला स्नायू परत जिवंत होत नाही. मग पाऊल लुळं पडतं, बोटं आखडतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये घट्ट पट्ट्यांनंतर आखडलेल्या हातांचं वर्णन केलं होतं. हाडवैद्याने कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताचं आजही तेच होऊ शकतं.

फोनवर डॉक्टरांना नुसतं ‘फार दुखतंय’ सांगितलं तर पलीकडून आणखी एक गोळी सुचवली जाईल. त्याऐवजी वही उघडून सांगावं: प्लास्टर सहाला झालं, अकराला आणि साडेबाराला गोळी दिली, कळ वाढतेच आहे, अंगठा खाली वाकवला की नडगीत ओरडण्याइतकं दुखतं, बेचक्यात बधीर लागतंय, आम्ही आत्ता निघतोय.