मेंदूचा कानोसा – भाग ७ : लहर मेंदूची की जबड्याची?

गेल्या आठवड्यात आपण झोपेतल्या संथ डेल्टा लहरी पाहिल्या. आज जागेपणीच्या तीन लहरींकडे वळू. थीटा म्हणजे सेकंदाला साधारण ४ ते ८ आवर्तनं, अल्फा ८ ते १३, आणि गॅमा ३० च्या पुढे. ही हद्द सोयीसाठी आखलेली आहे, एवढं आधीच लक्षात ठेवलेलं बरं. थीटा म्हणजे सर्जनशीलता, अल्फा म्हणजे शांती, गॅमा म्हणजे उच्च जाणीव, अशी वाटणी शिबिरांच्या जाहिरातींत सर्रास दिसते. प्रयोगशाळेतला कुठलाही आलेख ती मान्य करत नाही.

अल्फा सगळ्यात आधी सापडली. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच्या सुरुवातीच्या नोंदींसाठी खुद्द त्याचा मुलगा क्लाउस बसला होता. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाएक आवर्तनांची ठळक लहर उमटते आणि डोळे उघडताच ती विरते. आजही ईईजी काढताना तंत्रज्ञ "डोळे मिटा", "डोळे उघडा" असं सांगतात, ते हेच पाहायला. यावरून अल्फा म्हणजे स्वस्थ बसलेल्या मेंदूची खूण, अशी समजूत रुजली. १९७० च्या दशकात यंत्र लावून अल्फा वाढवण्याची लाटच आली होती. पुढे तपासून पाहिलं तेव्हा दिसलं, की इतक्या सरावानंतरही अल्फा बहुतेकदा जेमतेम तिथवर पोचायची, जिथे ती नुसतं डोळे मिटून बसल्यावर आपसूक असते. शांत वाटणं हे लहरीपेक्षा 'आता शांत वाटेल' या अपेक्षेवर जास्त अवलंबून होतं.

स्वस्थपणाचा हा अर्थ आणखी एका प्रयोगाने डळमळला. माणसाला काही अक्षरं दाखवायची, ती काही क्षण मनात धरून ठेवायला सांगायची आणि मग विचारायचं. अक्षरं वाढवली की ती मनात धरून ठेवण्याच्या काळात मागच्या भागातली अल्फा कमी होत नाही, उलट वाढते. म्हणजे डोकं राबत असतानाही अल्फा चढते. लक्ष डावीकडे द्यायला सांगितलं, तर मेंदूच्या उजव्या मागच्या भागात अल्फा उतरते आणि डाव्या भागात चढते, कारण डावीकडचं दृश्य उजवा भाग हाताळतो. म्हणून आज बरेच संशोधक अल्फाला आवर घालणारी लहर मानतात. जो भाग आत्ता नको आहे, तिथे ती जोर धरते. आणि काही पूर्णपणे निरोगी माणसांत ती जवळपास दिसतच नाही.

थीटाचा घोळ याहून मोठा. डुलकी लागताना अल्फा विरते आणि थीटा येते. पण शंभरातून सात-सात वजा करत जा असं सांगितलं, की कित्येकांच्या कपाळामागे, मधल्या रेषेवर, थीटाच चढते. एकच पट्टा, पण एकीकडे पेंग आणि दुसरीकडे कसून हिशोब. उंदीर धावू लागला, की त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अतिशय नियमित थीटा उठते, आणि तो वाटेवर कुठे आहे याचा पत्ता त्या लहरीच्या ठेक्यात सापडतो, हे जॉन ओ'कीफ आणि मायकेल रेसी यांनी १९९३ मध्ये दाखवलं. सुंदर काम आहे. पण हिप्पोकॅम्पस मेंदूत खोल दडलेला आहे. कपाळावरच्या पट्टीत थीटा दिसली म्हणून स्मरणशक्ती जागी झाली, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चंचल मुलांच्या निदानात यातून प्रत्यक्ष चूक झाली. थीटा आणि अल्फा-गॅमाच्या मधली बीटा यांच्या गुणोत्तरावरून एडीएचडी ओळखायला मदत करणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. पण लहान मुलांची अल्फा मुळातच संथ असते. एखाद्या मुलाची अल्फा ७ किंवा ८ आवर्तनांवर असेल, तर ठरलेल्या पट्ट्यांनी मोजणारं यंत्र ती थीटाच्या खात्यात टाकतं, आणि अगदी ठीक असलेल्या मुलाचं गुणोत्तर फुगतं. २०१६ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने हे गुणोत्तर संशोधनाबाहेर निदानासाठी वापरू नये असाच सल्ला दिला.

आता गॅमा. १९८९ मध्ये चार्ल्स ग्रे आणि वोल्फ सिंगर यांना मांजराच्या दृष्टिकेंद्रात ४० च्या आसपास आवर्तनांनी एकत्र ठेका धरणाऱ्या पेशी दिसल्या. रंग, आकार, हालचाल हे तुकडे जोडून एक वस्तू दिसते ती या ठेक्यामुळे, अशी मोहक कल्पना त्यातून पुढे आली. २००४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या गटाने दीर्घ साधना केलेल्या तिबेटी भिक्खूंमध्ये असाधारण जोराची गॅमा नोंदवली, आणि तेव्हापासून ध्यानाच्या प्रत्येक पुस्तकात तिला मानाचं पान मिळतं.

अडचण अशी, की टाळूवर पोचणारी गॅमा इवलीशी असते, फार तर काही मायक्रोव्होल्ट. अल्फा तिच्या कित्येक पट असते. उलट जबडा आवळणारे आणि मानेचे स्नायू साधारण २० आवर्तनांपासून वर शेकड्यांपर्यंत अखंड विद्युत गोंगाट करत असतात. कानशिलावर बोटं ठेवून दात हलकेच दाबून बघा, जो स्नायू फुगतो त्याच्यावरच ईईजीचे इलेक्ट्रोड बसलेले असतात.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी २००७ मध्ये याचा सोक्षमोक्ष लावला. स्वयंसेवकांना स्नायू पूर्ण ढिले पाडणारं औषध दिलं, श्वास यंत्रावर घेतला, आणि ते जागे असताना ईईजी काढला. मेंदू तोच, कामं तीच, फक्त स्नायू गप्प. ३० च्या वरच्या आवर्तनांतली शक्ती दहापट आणि काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त घसरली. म्हणजे आधी जी 'गॅमा' दिसत होती, तिचा मोठा वाटा मेंदूचा नव्हताच. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या गटाने दाखवलं, की चित्र दाखवल्यावर उसळणारी गॅमा बऱ्याचदा डोळ्यांच्या सूक्ष्म झेपांतून येते. तिबेटी अभ्यासाच्या लेखकांनी स्नायूंची शंका स्वतः तपासली होती, त्यामुळे तो सरसकट निकालात काढता येत नाही. पण करुणेत बुडालेल्या भिक्खूच्या चेहऱ्याचे स्नायू तुलनेसाठी बसवलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यासारखेच राहतात का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

खरी गॅमा ओळखायची कशी? वारंवारितेचा आलेख पाहा. स्नायूंचा गोंगाट रुंद, सपाट पसरतो आणि कानशिलं-मान यांच्याजवळ सर्वांत जास्त असतो. मेंदूची गॅमा ठरावीक जागी अरुंद उंचवटा देते. अगदी ५० वरच सुईसारखं टोक असेल, तर ते भिंतीतल्या विजेचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांचा गट पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवून असा उंचवटा मिळवतो. वयस्क लोकांमध्ये तो वयानुसार कमी होत जातो, आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेत समवयस्कांपेक्षा कमी असतो, असं त्यांना आढळलं. पण हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. मलेरियात ताप येतो म्हणून ताप आलेल्या प्रत्येकाला मलेरिया झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत, तसंच एका आजोबांच्या आलेखात उंचवटा बुटका दिसला म्हणून त्यांचं निदान होत नाही.

पुढच्या आठवड्यात: ४० आवर्तनांनी लुकलुकणारा दिवा दाखवून उंदरांच्या मेंदूतला अल्झायमरचा गाळ कमी झाल्याचा २०१६ चा दावा, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेला तो का मिळाला नाही.