पासवर्डच्या आधीचा दरवाजा

15 जुलै 2020 रोजी ट्विटरवर जो बायडन, बराक ओबामा, बिल गेट्स आणि इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून जवळपास एकाच आशयाचा मजकूर झळकला: या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून परत देऊ. काही तासांत चोरट्यांच्या हाती 1,18,000 डॉलरहून अधिक रक्कम लागली. त्यांनी 130 खात्यांना लक्ष्य केलं होतं. या मंडळींचे पासवर्ड मात्र कुणी फोडले नव्हते. ट्विटरचे कर्मचारी खाती सांभाळण्यासाठी जी अंतर्गत साधनं वापरत, म्हणजे कंपनीचं अॅडमिन पॅनल, तेच चोरट्यांच्या हाती लागलं होतं.

ते कसं, हे न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशीनंतर सांगितलं. महामारीमुळे सगळे घरून काम करत होते आणि व्हीपीएन सारखं अडत होतं. चोरट्यांनी कर्मचाऱ्यांना फोन लावले, ‘आयटी विभागातून बोलतोय, अडचण सोडवून देतो’ असं सांगितलं आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाचा पत्ता दिला. कर्मचारी तिथे जे टाइप करी, ते चोरटे त्याच क्षणी खऱ्या पानावर टाइप करत. मग खऱ्या यंत्रणेकडून मोबाइलवर मंजुरीची विचारणा येई, आणि आयटीवाल्याशीच बोलतोय अशा समजुतीत काहींनी ती मंजूरही केली. पासवर्ड खरा, मंजुरीही खरी. फक्त दारात उभा असलेला संगणक परका होता, आणि संगणक कुणाचा हे त्या दाराने विचारलंच नव्हतं.

हा प्रश्न विचारण्याची सोय वेबमध्ये नव्वदच्या दशकापासून आहे. तिचं नाव म्युच्युअल टीएलएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळख पटवणं. एरवी आपण बँकेचं संकेतस्थळ उघडतो तेव्हा ओळखपत्र दाखवतो तो सर्व्हर. ब्राउझर ते तपासतो आणि पत्त्याशेजारी सुरक्षित जोडणीची खूण येते. ब्राउझर स्वतः मात्र निनावीच असतो. म्युच्युअल टीएलएसमध्ये सर्व्हर उलट विचारतो, ‘आता तुझंही दाखव.’ ब्राउझरने दाखवायच्या त्या ओळखपत्राला क्लायंट सर्टिफिकेट म्हणतात.

सर्टिफिकेट नुसतं दाखवून भागत नाही, कारण ते गुपित नसतंच. त्याच्या जोडीची खासगी किल्ली ही खरी गोष्ट. जोडणी सुरू होताना दोन्ही बाजूंत जे काही बोलणं झालं, त्या सगळ्यावर ब्राउझर या किल्लीने सही करतो. किल्ली जागची हलत नाही, पलीकडे जाते ती सही. व्यवसायाच्या निमित्ताने ज्यांनी डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. विवरणपत्र भरताना सही करणारी किल्ली टोकनमध्येच राहते, तसंच हे. फरक एवढाच की इथे सही कागदावर नसून त्या क्षणाच्या संभाषणावर असते. म्हणून ती दुसरीकडे चालत नाही. खोट्या पानाशी झालेल्या बोलण्यावरची सही चोराने खऱ्या सर्व्हरपुढे धरली, तरी त्या सर्व्हरशी झालेलं बोलणं वेगळं असल्याने ती जुळत नाही. फोनवरून गोड बोलून पासवर्ड काढून घेता येतो. ही सही कर्मचाऱ्याला सांगताच येत नाही.

गूगलने हा विचार मोठ्या प्रमाणावर राबवला. 2009 साली कंपनीवर ‘ऑपरेशन अरोरा’ नावाने ओळखला जाणारा हल्ला झाला, तो जानेवारी 2010 मध्ये तिने जाहीर केला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘बियाँडकॉर्प’ या रचनेचं वर्णन 2014 च्या एका लेखात आहे. कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये आहात म्हणून विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक उपकरणाला त्याचं सर्टिफिकेट द्यायचं, आणि ते द्यायचं ते कंपनीच्या यादीत नोंद असलेल्या उपकरणालाच.

एवढा पसारा नसलेल्या ठिकाणीही हे जमतं. समजा, पुण्यातलं एक पुस्तकांचं दुकान ऑनलाइन विक्री करतं. ऑर्डर, किमती, ग्राहकांचे पत्ते हे सगळं अॅडमिन पॅनलमध्ये. ते उघडणारे संगणक पाचच: दुकानातले दोन, मालकीणबाईंचा लॅपटॉप, हिशेबनीसाचा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाचा. ग्राहकांचं दुकान सगळ्यांना खुलं राहायला हवं, म्हणून तो मुलगा पॅनलला वेगळा पत्ता देतो, `admin.example.com` असा. त्याच पत्त्यावर `/admin` ठेवून भागत नाही, कारण एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये सर्टिफिकेटची सक्ती पूर्ण साइटवर लागते, एकेका पानावर नाही.

मग तो दुकानापुरतं एक प्रमाणन केंद्र काढतो. नाव भारदस्त, पण असते ती एक किल्ली आणि तिचं सर्टिफिकेट. ही मूळ किल्ली सर्व्हरवर ठेवायची नाही; ती पेन ड्राइव्हवर, कुलपात. सर्व्हरला फक्त सर्टिफिकेट पुरतं, कारण त्याला सह्या तपासायच्या असतात, करायच्या नसतात. पाचही संगणकांची सर्टिफिकेटं या किल्लीने सही करून निघतात, मुदत एक वर्ष. सर्व्हरच्या मांडणीत नेहमीच्या ओळींखाली तीनच ओळींची भर पडते:

```
ssl_client_certificate /etc/nginx/admin-ca.crt;
ssl_verify_client on;
ssl_crl /etc/nginx/admin.crl;
```

पहिली ओळ सांगते, कुणाची सही मानायची. इथे एक चूक फार महागात पडते: स्वतःच्या केंद्राऐवजी जगभरच्या सार्वजनिक केंद्रांची तयार यादी तिथे ठेवणं. मग त्यांच्यापैकी कुणाहीकडून योग्य प्रकारचं सर्टिफिकेट मिळवलेला परका माणूस ‘ओळखीचा’ ठरतो. दुसऱ्या ओळीत `on` हवं. `optional` लिहिलं तर सर्व्हर सर्टिफिकेट विचारतो, पण नसलं तरी आत सोडतो, आणि अडवण्याची जबाबदारी पुढच्या प्रोग्रामवर ढकलतो.

कुलूप लागलं की नाही, हे यादीबाहेरच्या संगणकावरून तपासायचं:

```
curl -i https://admin.example.com
```

उत्तरात `400 Bad Request` आणि `No required SSL certificate was sent` आलं की काम झालं. लॉगिनचं पानसुद्धा दिसत नाही. त्यामुळे पॅनलच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी चूक राहिली असली, तरी परक्याची विनंती तिच्यापर्यंत पोचत नाही. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. एनजिनएक्सच्या मागे मूळ प्रोग्राम बहुधा 8080 सारख्या एखाद्या पोर्टवर चालू असतो. ते पोर्ट बाहेरून उघडं असेल, तर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड, अशी गत. सर्व्हरवर `ss -ltn` चालवून प्रोग्राम फक्त `127.0.0.1` वरच ऐकतोय ना, हे पाहून घ्यायचं.

आता या व्यवस्थेची खरी दुखरी जागा. सर्व्हर ‘ओळखीचं उपकरण’ ओळखत नाही, तो किल्ली ओळखतो. किल्ली ही शेवटी फाइल. सर्रास चालणारी पद्धत अशी की सर्व्हरवालाच किल्ली आणि सर्टिफिकेट एका `.p12` फाइलमध्ये बांधतो आणि ती व्हॉट्सअॅपवरून पाठवतो. हिशेबनीस ती लॅपटॉपवर बसवतो, मूळ फाइल मात्र फोनमध्ये, बॅकअपमध्ये, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. ती फाइल आणि तिचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याचा कुठलाही संगणक उद्या ‘हिशेबनीसाचा लॅपटॉप’ होऊ शकतो. उपकरणालाच बांधायचं असेल, तर किल्ली त्या लॅपटॉपवरच जन्माला घालायची, शक्यतो त्याच्या टीपीएम चिपमध्ये, जिथून ती बाहेर काढता येत नाही. बाहेर पाठवायचा तो फक्त सर्टिफिकेटसाठीचा अर्ज. पाच संगणकांसाठी याला एक दुपार लागते, आणि फाइल पाठवायला पाच मिनिटं. म्हणून बहुतेकांचा मोह फाइलकडे जातो.

चिपमधल्या किल्लीलाही मर्यादा आहेच. लॅपटॉप उघडा टाकून कुणी चहाला गेलं, किंवा त्यात एखादा घातक प्रोग्राम शिरला, तर सही करणारा संगणक ओळखीचाच असतो. म्हणून पॅनलचा पासवर्ड आणि मोबाइलवरची मंजुरी काढून टाकायची नाही. सर्टिफिकेट यंत्र सांगतं. यंत्रापुढे कोण बसलंय, हे त्या दोघांनी सांगायचं.

आणि लॅपटॉप हरवला तर? हिशेबनीसाची बॅग डेक्कन क्वीनमध्ये राहिली, असं धरू. त्याचं सर्टिफिकेट अजून सात महिने चालणार आहे. इथे तिसरी ओळ उपयोगी पडते. सर्व्हरवाला पेन ड्राइव्ह काढतो, ते सर्टिफिकेट रद्द करतो, रद्द सर्टिफिकेटांची नवी यादी काढून सर्व्हरवर ठेवतो आणि एनजिनएक्सला मांडणी पुन्हा वाचायला लावतो. हे शेवटचं राहिलं तर जुनीच यादी चालू राहते, आणि हरवलेला लॅपटॉप आत येत राहतो.

गंमत पुढेच आहे. या यादीलाही मुदत असते. ओपनएसएसएलच्या नमुना मांडणीत ती तीस दिवस लिहिलेली आहे, आणि ती बदलायचं कुणाला सुचत नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी दुकान उघडतं, ग्राहकांची साइट व्यवस्थित चालते, पण पॅनल पाचपैकी एकाही संगणकावर उघडत नाही. सर्टिफिकेटं बसवलेली, मुदतीतली, कुणी काही बदललेलं नाही. संशय आधी इंटरनेटवर जातो, मग ब्राउझरवर, आणि कुणीतरी ती बिचारी सर्टिफिकेटं काढून पुन्हा बसवतं. कारण सर्व्हरच्या नोंदवहीत एका ओळीत लिहिलेलं असतं:

```
client SSL certificate verify error: (12:CRL has expired)
```

यादी शिळी झाली की कोण रद्द आहे हे सर्व्हरला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच नाकारतो. त्याच जागी आकडा 10 आणि `certificate has expired` असेल, तर मुदत त्या एका संगणकाच्या सर्टिफिकेटची संपलेली असते आणि बाकीचे चार चालू असतात. एकजण अडला की सगळे अडले, एवढं फोनवर विचारलं तरी निम्मं निदान होतं.

घाबरून सर्व्हरवाल्याने तिसरी ओळ पुसली, तर पॅनल लगेच उघडतं, आणि त्याबरोबर डेक्कन क्वीनमधला तो लॅपटॉपही पुन्हा ओळखीचा होतो. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह काढून नवी यादी बनवायला दहा मिनिटं लागतात. ती बनवतानाच मांडणीतले तीस दिवस वाढवून नव्वद करायचे, आणि ऐंशीव्या दिवसाची आठवण दुकानाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. सर्व्हरवाला मुलगा तोवर दुसऱ्या नोकरीत गेलेला असू शकतो.