सहा महिने की एकशेऐंशी दिवस?

समजा, पुण्यातल्या एका सराफी दुकानाने १ मार्च २०२६ रोजी पाच हजार रुपयांचे गिफ्ट व्हाउचर दिले. इंग्रजीत त्यावर छापले, की ते दिल्या तारखेपासून १८० दिवस चालेल. मराठी मजकूर लिहिणाऱ्याला एवढा मोठा आकडा रुक्ष वाटला आणि त्याने ‘सहा महिने’ असे सुटसुटीत करून टाकले. आता दिवस मोजू. दिल्याचा दिवस सोडला तर १८०वा दिवस येतो २८ ऑगस्टला, आणि सहा महिने पूर्ण होतात १ सप्टेंबरला. इंग्रजी वाचणाऱ्याचे व्हाउचर शुक्रवारी संपले, मराठी वाचणाऱ्याचे मंगळवारपर्यंत जिवंत आहे. मधल्या शनिवार-रविवारी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काउंटरवरचा माणूस काय सांगणार?

अशी चूक भाषेच्या अज्ञानातून होत नाही. लिहिणाऱ्याचे मराठी छान असते, इंग्रजीही बरे असते. फक्त तो वाक्याचा अनुवाद करतो आणि व्हाउचरच्या अटीत वाक्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा असतो. जाहिरातीच्या वरच्या ओळीत शब्दांशी खेळायला भरपूर मोकळीक आहे. खालच्या बारीक अक्षरांत ती नाही. तिथे दोन्ही भाषांतल्या मजकुराने एकाच बिलाला एकच उत्तर द्यायला हवे.

मुदत मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही, हा प्रश्न जुना आहे. भारताच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये त्याचे उत्तर आहे: ‘पासून’ म्हटले की तो पहिला दिवस सोडायचा आणि ‘पर्यंत’ म्हटले की शेवटचा दिवस धरायचा. हा कायदा मुळात कायद्यांचेच वाचन कसे करावे हे सांगतो, पण करारातली मुदत मोजतानाही साधारण हीच रीत पाळली जाते. मराठी बोलण्यात मात्र ‘आजपासून आठ दिवस’ म्हणताना आजचा दिवस धरणारे आणि सोडणारे दोघेही भेटतात. म्हणून जाणता अनुवादक मुदतीचे वर्णन करतच नाही. तो दुकानाला विचारून शेवटची तारीख काढून घेतो आणि दोन्ही भाषांत तीच छापतो: ‘शेवटचा दिवस २८ ऑगस्ट २०२६, त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत वापरता येईल.’ महिन्याचे नाव अक्षरांत लिहायचे, कारण ०५/०६/२०२६ ही आपल्याकडे ५ जून असली तरी अमेरिकेतल्या भाच्याला ऑनलाइन पाठवलेल्या व्हाउचरवर ती ६ मे होते.

‘आत’ आणि ‘पूर्वी’ हे शब्द आणखी चकवतात. ‘२८ ऑगस्टपूर्वी वापरा’ म्हणजे काटेकोरपणे २७ तारखेपर्यंतच. इंग्रजी मजकुरात २८ तारीख धरलेली असेल आणि मराठीत ‘पूर्वी’ आले, तर मराठी गिऱ्हाइकाचा एक दिवस विनाकारण कापला गेला. ‘रात्री १२ पर्यंत’ ही तर खास आपली पंचाईत आहे: २८ तारखेची रात्री बाराची वेळ २८ सुरू होतानाची की संपतानाची? रात्री ११.५९ लिहिले की वाद उरत नाही.

पण कागदावर सगळे बरोबर असूनही गाडी अडते, कारण तिसरा मजकूर बिलिंगच्या संगणकात असतो. तिथे मुदतीच्या रकान्यात नुसती तारीख भरली, तर अनेक प्रणाली तिच्यापुढे आपोआप 00:00 ही वेळ धरतात. म्हणजे कूपन २८ ऑगस्ट उजाडायच्या आधीच मेलेले असते आणि दिवसभर ‘मुदत संपली’ असा संदेश येत राहतो. घड्याळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर लावलेले असेल, तर उलटा प्रकार होतो: तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, त्यामुळे कूपन दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालत राहते. दोन्ही भाषांतला मजकूर तपासून झाल्यावर हा रकाना पाहणे हे खरे तर अनुवादकाचे काम नव्हे. पण ते कुणी करत नाही, म्हणून चांगले अनुवादक निदान एवढे विचारून घेतात.

सणांच्या सवलतींत घोळ आणखी वाढतो. ‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे वसुबारसेपर्यंत, लक्ष्मीपूजनापर्यंत की भाऊबीजेपर्यंत? २०२५ साली महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले, उत्तरेत बहुतेक ठिकाणी २० ऑक्टोबरला. देशभर दुकाने असलेल्या साखळीच्या कूपनवर सणाचे नुसते नाव असेल, तर एकाच कूपनची मुदत दोन गावांत दोन दिवशी संपते. श्रावणातल्या सवलतींचे तर विचारूच नका. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, उत्तरेतला त्याच्या पंधरवडाभर आधी. तेव्हा सणाचे नाव शीर्षकात शोभेला राहू द्यावे आणि अटीत इंग्रजी महिन्याची तारीख द्यावी.

तारखा तरी मोजता येतात. वगळलेल्या वस्तूंची यादी त्याहून अवघड, कारण तिथे मराठी आणि इंग्रजी वाक्यांची ठेवणच वेगळी आहे. सराफाच्या त्याच व्हाउचरवर इंग्रजीत अट होती, की ते सोन्याची नाणी आणि चांदीच्या वस्तू यांवर चालणार नाही. आणि वाक्याच्या अगदी शेवटी, चांदीच्या वस्तूंना लागून, ‘२५,००० रुपयांहून अधिक किमतीच्या’ हे विशेषण होते. इंग्रजी वाचणारा ते सहसा जवळच्या शब्दाला, म्हणजे चांदीला जोडतो. मराठीत विशेषण आधी येते, म्हणून अनुवाद असा झाला: ‘₹ २५,०००पेक्षा जास्त किमतीची सोन्याची नाणी आणि चांदीच्या वस्तू यांवर लागू नाही.’ आता तेच विशेषण नाण्यांना जाऊन चिकटले.

दोन गिऱ्हाइके घेऊन पाहू. एकीला पंधरा हजारांची चांदीची समई हवी आहे, दुसऱ्याला पंधरा हजारांचे सोन्याचे नाणे. इंग्रजी अटीप्रमाणे समईवर व्हाउचर चालते, नाण्यावर नाही. मराठी अटीप्रमाणे नाण्यावर चालते, समईवर नाही. अनुवादकाने एकही शब्द गाळला नव्हता, एकही पदरचा घातला नव्हता, आणि तरी अट बरोबर उलटी झाली. उपाय अगदी साधा आहे, फक्त वाक्याचा मोह सोडावा लागतो. ‘सोन्याची नाणी: कोणत्याही किमतीच्या नाण्यांवर चालणार नाही. चांदीच्या वस्तू: ₹ २५,०००पर्यंतच्या वस्तूंवर चालेल, त्याहून महाग वस्तूंवर नाही.’ इंग्रजीतही हेच दोन तुकडे करायचे. मूळ इंग्रजी वाक्याला हात लावायला दुकानाचा कायदा विभाग कधी कधी तयार नसतो, पण वरची समई दाखवली की बहुधा पटते.

याच यादीत आणखी एक खास मराठी अडचण येते. इंग्रजी मसुद्यात नाणी आणि बिस्किटे वगळलेली असतात, पण वेढण्यांचा उल्लेख नसतो, कारण मसुदा बहुधा दुसऱ्या राज्यातल्या मुख्य कार्यालयात झालेला असतो. वेढणे बोटात घालता येते म्हणून तो दागिना म्हणायचा, की गुंतवणुकीचे चोख सोने म्हणून नाण्याच्या पंगतीत बसवायचे? अनुवादकाने स्वतःच्या मनाने ते यादीत घालणे चूक, आणि गुपचूप बाहेर ठेवणेही चूक. दुकानाला विचारायचे, आणि उत्तर येईल ते मराठीबरोबर इंग्रजीतही नोंदवायचे. ‘व्यतिरिक्त’ हा शब्दही अशा यादीत टाळावा: ‘दागिन्यांव्यतिरिक्त नाण्यांवर’ म्हणजे दागिने धरून की सोडून, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून राहते. ‘वगळून’ असा दोन अर्थांत अडकत नाही.

सवलतीच्या कूपनांवर सर्वांत जास्त घोटाळा ‘पर्यंत’ करतो. वीस टक्के सूट, पण पाचशेच्या वर नाही, अशी मूळ अट असते. तिचे मराठी होते: ‘₹ ५००पर्यंतच्या खरेदीवर २० टक्के सूट.’ चार हजारांच्या बिलावर मूळ अटीने पाचशे रुपये सुटतात. मराठीने काहीच नाही, कारण खरेदीच पाचशेच्या वर गेली. ‘२० टक्के सूट, सुटीची रक्कम जास्तीत जास्त ₹ ५००’ असे लिहिले तरी ‘सुटीची’ म्हटल्यावर रविवार आठवतो, म्हणून ‘सवलतीची रक्कम’ बरी.

नियमांनी या प्रकाराकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. बँका आणि परवानाधारक कंपन्यांच्या गिफ्ट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये दिलेल्या निर्देशांत कमाल रक्कम दहा हजार आणि किमान मुदत एक वर्ष ठरवली आहे. महत्त्वाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत सांगाव्यात असेही म्हटले आहे. फक्त आपल्याच दुकानात चालणारी व्हाउचरे या चौकटीबाहेर राहतात, म्हणून तिथे सहा महिन्यांची मुदत दिसते. जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे अधिक नेमकी आहेत: दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत त्याची अटवजा सूचना हवी. वर मोठ्या अक्षरांत ‘अर्ध्या किमतीत!’ असे मराठीत आणि खाली मर्यादा फक्त इंग्रजीत, हे त्यात बसत नाही.

‘दोन मजकुरांत तफावत आढळल्यास इंग्रजी ग्राह्य’ ही ओळ बहुतेक व्हाउचरांवर असतेच. ती दुकानाला धीर देते, पण मराठी वाचून पैसे मोजलेल्या माणसाला काही देत नाही. शिवाय संदिग्ध अट ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायची, हे करारांच्या अर्थनिर्णयातले जुने तत्त्व आहेच. एका ओळीच्या भरवशावर अनुवाद कच्चा सोडणे दुकानालाही परवडेलच असे नाही.

त्यामुळे छपाईपूर्वीची खरी चाचणी बिलांची असते. सात-आठ काल्पनिक बिले बनवायची, सगळी सीमेवरची: २८ ऑगस्टचे रात्री आठचे, २९ ऑगस्टचे सकाळचे, बरोबर २५,०००च्या समईचे आणि २५,००१च्या समईचे, एक ग्रॅमच्या नाण्याचे, वेढण्याचे, नाणे आणि बांगड्या एकत्र असलेले. एका माणसाला फक्त मराठी मजकूर द्यायचा, दुसऱ्याला फक्त इंग्रजी, आणि प्रत्येक बिलापुढे किती रुपये वजा होतील ते लिहायला सांगायचे. आकडे जुळले नाहीत, तर ज्या बिलावर फरक पडला ते बिल घेऊन दुकानाकडे जायचे. एकत्र खरेदीचे शेवटचे बिल बहुतेक वेळा दोघांनाही अडवते, कारण व्हाउचर पूर्ण बिलाला नाकारायचे की फक्त नाण्याची रक्कम बाजूला काढायची, हे दोन्ही भाषांत कुणी लिहिलेलेच नसते.