हाताला मुंग्या, दोष कमरेचा

पुण्याहून पहाटे निघून आंबोलीमार्गे गोव्याला जायचं तर जवळजवळ साडेचारशे किलोमीटर बाइकवर बसावं लागतं. कोल्हापूर यायच्या आतच पुष्कळांच्या हाताला मुंग्या येऊ लागतात. मग नवे ग्लोव्ह्ज घेतले जातात, हँडलला जाड ग्रिप बसते. मुंग्या मात्र तशाच, कारण त्या बऱ्याचदा कमरेतून सुरू झालेल्या असतात.

पोटाचे आणि पाठीचे स्नायू थकले की धड पुढे झुकतं आणि त्याचा भार तळहातांवर येतो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबते आहे असं समजा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगटाच्या मधोमध जाणारी नस दबते आहे. ती सहसा मनगट वर मुडपून क्लच दाबल्याने दबते. अशा वेळी लिव्हर थोडा खाली फिरवून घ्या. कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत आला पाहिजे.

भार कुठे आहे हे गाडी स्टँडवर असतानाच कळतं. नेहमीसारखे बसा, मांड्यांनी टाकी धरा आणि हात हँडलवरून अलगद उचला. धड पुढे कोसळत असेल, तर इतका वेळ ते हातांनीच तोललेलं होतं.

यावर उपाय घरच्या सतरंजीवरचा. तळहात आणि गुडघे जमिनीला टेकवा, उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवा, दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूने सहा वेळा. जोडीला सेतुबंधासन. आठवड्यातून तीन दिवस, तेही सहलीच्या महिनाभर आधीपासून. आदल्या रात्री केलेला व्यायाम फक्त अंग दुखवतो.

मानेवर दीडेक किलोचं हेल्मेट आणि वर वाऱ्याचा दाब असतो. कपाळावर तळवा ठेवून मान न हलवता पाच सेकंद दाबा, मग तसंच डोक्याच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी. निघताना खांदे आणि मनगटं गोल फिरवली की पुरे. स्नायू खूप वेळ ताणून धरणं मुक्कामावर पोहोचल्यानंतरसाठी राखून ठेवा.

खरी चूक होते ती उतरल्यावर. तासन् तास वाकून बसल्याने कण्याला आधार देणारे बंध सैलावलेले असतात, आणि आपण त्याच क्षणी वाकून सामानाची बॅग उचलतो किंवा पायाचे अंगठे धरू पाहतो. आधी कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे झुका, दोन मिनिटं चाला, बॅग त्यानंतर. दर तासा-दीड तासाने चहाला थांबाल तेव्हाही हेच करा.

मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा कमरेची कळ पायात उतरली, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.