विमा योजना बंद झाली, तरी मुदत वाया जात नाही

आरोग्य विमा कंपनी एखादी योजना बाजारातून मागे घेते, तेव्हा पॉलिसीधारकाच्या हाती एक पत्र येते. प्रस्तुत योजना यापुढे उपलब्ध राहणार नाही, नूतनीकरणाच्या वेळी दुसरी योजना निवडावी, असा त्याचा आशय असतो. अशा वेळी नवी योजना कोणती घ्यावी याची चर्चा घरोघरी होते. पण जुन्या पॉलिसीत जमा झालेली मुदत नव्या पॉलिसीत नोंदली गेली की नाही, हे पाहण्याचे मात्र राहून जाते.

ही मुदत म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. अवसरी खुर्द येथील एका किराणा व्यापाऱ्याने 1 जुलै 2024 रोजी आई, पत्नी व स्वतःसाठी प्रत्येकी 5 लाखांची पॉलिसी घेतली, असे समजा. आईंना आधीपासून मधुमेह आहे आणि तो प्रस्तावपत्रात लिहिलेला आहे. अशा आजारासाठी 36 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे. 2024 च्या नियमांनुसार यापेक्षा अधिक काळ लावता येत नाही. दोन वर्षे दावा झाला नाही, म्हणून प्रत्येकाच्या खाती 1 लाखाचा संचयी बोनस जमला. 30 जून 2026 रोजी प्रतीक्षाकाळाचे 24 महिने पूर्ण होतात आणि नेमकी तेव्हाच योजना बंद होते.

पॉलिसीच्या प्रमाणित अटींनुसार कंपनीने मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी, म्हणजे एप्रिलच्या आरंभी, ही सूचना द्यावयाची असते. त्याच कंपनीच्या समान योजनेत जाण्याचा पर्यायही द्यावा लागतो. यास मायग्रेशन म्हणतात. मायग्रेशनचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान 30 दिवस आधी, म्हणजे 1 जूनपर्यंत द्यावा. नव्या योजनेतही प्रतीक्षाकाळ 36 महिन्यांचाच असेल, तर आईंना उरलेले 12 महिनेच थांबावे लागते. दावा नाकारण्यास कंपनीवर मर्यादा घालणारा 60 महिन्यांचा काळही पुढे चालू राहतो. तो पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवली या कारणाने दावा नाकारता येत नाही. त्यातील 24 महिने या कुटुंबाच्या खाती जमा आहेत.

या सवलतीला रकमेची मर्यादा आहे. जुनी विमा रक्कम आणि बोनस मिळून 6 लाखांपुरतीच ती मिळते. व्यापाऱ्याने याच वेळी विमा रक्कम वाढवून 10 लाख केली, तर वरच्या 4 लाखांसाठी प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो. ऑक्टोबर 2027 मध्ये मधुमेहामुळे आईंच्या मूत्रपिंडावर उपचार करावे लागले आणि खर्च 8 लाख झाला, तर त्या वेळी 6 लाखांपर्यंतच संरक्षण मिळेल. वाढीव रकमेचा लाभ जुलै 2029 नंतरचा. घरात नव्याने आलेल्या सुनेचे नाव घातले, तर तिचाही काळ पहिल्या दिवसापासून मोजला जातो, कारण हिशेब प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र असतो.

मायग्रेशनमुळे मुदत राखली जाते, जुना हप्ता आणि जुन्या अटी नव्हेत. नव्या योजनेतील खोलीभाड्याची मर्यादा व दाव्यातील स्वतःचा वाटा हे सारे नव्या अटींप्रमाणे लागू होते. म्हणून दोन्ही योजनांचे तुलनापत्रक कंपनीकडून मागून घ्यावे. ज्येष्ठांसाठी एक दिलासा आहे. त्यांना दिलेली वैयक्तिक योजना मागे घेण्यापूर्वी कंपनीने विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघाला आहे.

घोटाळा होतो तो बहुधा कागदावर. घाईत नवी पॉलिसी 'नवीन ग्राहक' म्हणून काढली जाते आणि 2024 ची तारीख नाहीशी होते. मग आईंचे 36 महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. हे ओळखण्यासाठी पॉलिसीच्या अनुसूचीत तीन गोष्टी पाहाव्यात : प्रत्येकाच्या नावापुढे पहिल्या पॉलिसीची तारीख, मागील पॉलिसीचा क्रमांक आणि उरलेला प्रतीक्षाकाळ. नव्या पॉलिसीला मिळणारी परत करण्याची 30 दिवसांची सोय मायग्रेशनला बहुधा लागू नसते. त्यामुळे हप्ता भरण्यापूर्वीच ही खातरजमा लेखी करून घ्यावी. हप्ता चुकला तरी वार्षिक पॉलिसीस 30 दिवसांची सवलत असते आणि मुदत तुटत नाही. मात्र हप्ता न भरलेल्या त्या दिवसांत आलेला आजार संरक्षणाबाहेर राहतो.

चूक आढळल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावे आणि सर्व जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडाव्यात. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास पुणे येथील विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत विनामूल्य तक्रार करता येते. तेथे उपयोगी पडतात ते जुने कागद. म्हणून दुकानाच्या खतावण्यांप्रमाणेच पहिल्या वर्षापासूनच्या साऱ्या पॉलिसी एका फाइलीत क्रमाने ठेवाव्यात.