हिरवी टिक किती वेळ दिसावी?

राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली 15 ऑगस्ट 2021 रोजी. तेव्हापासून हिंगोलीतल्या हळदीची, सोयाबीनची नोंदही मोबाइलवर होऊ लागली. अशा ॲपमधलं ‘नोंद पाठवा’ हे बटण तपासायचं कसं?

बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात ते दबलेलं दिसायला हवं. नाहीतर माणूस पुन्हा दाबतो आणि एकच नोंद दोनदा जाते. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर बटण बंद व्हावं. उत्तराला सेकंदाहून जास्त लागलं तर फिरतं चक्र आणि ‘पाठवत आहे’ हे शब्द दिसावेत. हिरवी टिक मात्र सर्व्हरकडून पोच आल्यावरच यावी. ठरावीक वेळाने आपोआप येणारी टिक सरळ खोटं बोलते. रेंज गेलेल्या शिवारात ही चूक लगेच उघडी पडते, त्यामुळे चाचणी तिथेच, नेट मध्येच बंद करून घ्यावी. मग शेतकऱ्याला एवढंच विचारावं: “नोंद गेली का?”

कालावधीचा हिशेब वेगळा. टिक दोन सेकंद नाचली तर हंगामात एकदा नोंद करणाऱ्याला ती आवडेल. पण दिवसात 60 नोंदी करणाऱ्या सहाय्यकाची त्यात दोन मिनिटं जातात, आणि दरवेळी हात अडून राहतो तो वेगळाच. पहिल्या वापरात हा त्रास कळत नाही. म्हणून सलग 40 नोंदी करून घ्याव्यात आणि टिक संपण्याआधीच बोट पुढच्या बटणावर जातं का, ते पाहावं. जात असेल तर टिक अर्ध्या सेकंदावर आणा, आणि ती दिसत असतानाही पुढचं काम चालू राहू द्या.